आपोआप जाणाऱ्या पोस्टमध्ये किमान अंतर कसं राखावं

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी घरोघरी विचारली जाते. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. समजा, शहराची माहिती देणारं एक छोटं पान आहे. ते टेलिग्रामवर दर तासाला पातळी टाकतं, फेसबुकवर शाळांची सुट्टी आणि भाजीचे भाव देतं, इन्स्टाग्रामवर रील टाकतं. पातळी सोडली तर बहुतेक मजकूर आदल्या रात्रीच शेड्यूल केलेला असतो. एखाद्या सकाळी यातल्या चार-पाच पोस्ट दोन-तीन मिनिटांत धडाधड गेल्या, तर वैतागलेला वाचक त्या पानाची नोटिफिकेशन बंद करतो. मग दुपारी पातळी 41 फुटांवर गेल्याचं त्याला कळतच नाही. पोस्टमधलं अंतर राखायचं ते या वाचकासाठी.

हे अंतर प्लॅटफॉर्म आपल्यासाठी राखेल, असं धरून चालू नका. टेलिग्राम बॉटला एका चॅटमध्ये सेकंदाला साधारण एक संदेश पाठवू देतं. ही मर्यादा त्यांच्या सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून आहे, वाचकाच्या सोयीसाठी नव्हे. यूट्यूब एका चॅनलकडून 24 तासांत नव्या व्हिडिओंची जास्तीत जास्त 3 नोटिफिकेशन पाठवतं, पण त्याच माणसाला त्याच वेळी फेसबुकवरून काय गेलंय हे यूट्यूबला माहीत नसतं. सगळ्या प्लॅटफॉर्मचा एकत्रित हिशेब फक्त तुम्हीच ठेवू शकता.

गर्दी कुठून होते ते आधी शोधा

शेड्यूल करताना कोणी मुद्दाम चार पोस्ट एकाच वेळेला लावत नाही. गर्दी बहुतेक वेळा चार कारणांनी होते.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे तुंबलेली रांग. वर्डप्रेसवर शेड्यूल केलेला मजकूर ठरल्या मिनिटाला आपोआप सुटतो असं वाटतं, पण त्याची WP-Cron ही यंत्रणा कोणीतरी साइट उघडल्यावरच जागी होते. पहाटेपासून कोणी फिरकलं नाही किंवा सर्व्हर बंद पडला, तर पहिल्या भेटीला राहिलेलं सगळं एकदम प्रसिद्ध होतं. फीड वाचून पोस्ट टाकणारी साधनंही अशीच वागतात. ती ठरावीक वेळाने फीड तपासतात आणि त्या खेपेला जेवढं नवीन सापडेल तेवढं पुढे ढकलतात.

दुसरं कारण टाइमझोन. एक साधन भारतीय वेळेवर आणि दुसरं UTC वर असेल, तर सकाळी 7 ची पोस्ट दुपारी 12:30 ला जाते आणि दुपारच्या पोस्टला येऊन धडकते. तिसरं, इन्स्टाग्रामवरून फेसबुकवर आपोआप शेअर होण्याची सोय सुरू राहिलेली असते, त्यामुळे एका पोस्टच्या दोन होतात. चौथं कारण म्हणजे पुन्हा प्रयत्न. पोस्ट गेलेली असते, पण उत्तर यायला उशीर झाला म्हणून साधन तीच पोस्ट परत पाठवतं.

तुमच्याकडे गर्दी झाली असेल तर त्या पोस्टच्या वेळा पाहा. सगळ्या एकाच मिनिटाच्या असतील तर रांग तुंबली होती. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर टाइमझोन चुकलाय. मजकूर तोच दोनदा दिसला तर उरलेल्या दोन कारणांपैकी एक.

अंतर तपासायचं ते पोस्ट सुटताना

वर सांगितलेल्या चारही प्रकारांत शेड्यूल कागदावर बरोबरच होतं. म्हणून शेड्यूलमध्ये दोन वेळांत अंतर ठेवून भागत नाही. पोस्ट बाहेर पडायच्या क्षणी कोणीतरी विचारायला हवं: याआधीची पोस्ट, कुठल्याही प्लॅटफॉर्मवरची, कधी गेली? पुरेसा वेळ झाला नसेल तर ही थांबेल. या तपासणीला आपण फाटक म्हणू. सगळ्या पोस्ट एकाच फाटकातून जायला हव्यात आणि फाटकाच्या प्रत्येक फेरीत एकच पोस्ट सुटायला हवी.

पायरी 1: एकच वही. गूगल शीटमध्ये एक तक्ता करा. एका ओळीत एक पोस्ट आणि एकच प्लॅटफॉर्म. तीच बातमी फेसबुक आणि टेलिग्राम दोन्हीकडे जाणार असेल तर ओळी दोन. रकाने सहा पुरतात: मजकूर, प्लॅटफॉर्म, ठरलेली वेळ, कधीपर्यंत चालेल, तातडीची आहे का, आणि स्थिती. शेजारी दुसरं पान नोंदींचं, त्याला नोंदवही म्हणू. त्यात प्रत्यक्ष गेलेल्या पोस्टचा प्लॅटफॉर्म आणि वेळ खाली-खाली भरत जाते.

आता इतर ठिकाणची शेड्यूल रिकामी करा. आपोआप शेअर होण्याची सोय बंद करा, फीडवर चालणारं साधन थांबवा. एखादी गोष्ट हलवता येत नसेल, उदाहरणार्थ यूट्यूब स्टुडिओमध्ये वेळ लावून ठेवलेला व्हिडिओ, तर ती वेळ वहीत 'राखीव' म्हणून लिहा आणि तिच्या मागेपुढे 20 मिनिटं फाटक बंद राहील असं करा.

पायरी 2: अंतराचे आकडे. मी दोन आकडे सुचवेन. कुठल्याही दोन पोस्टमध्ये किमान 20 मिनिटं, आणि एकाच प्लॅटफॉर्मवर किमान 60 मिनिटं. गावातल्या पानाचे वाचक सगळीकडे बहुधा तेच असतात, म्हणून पहिला आकडा फार कमी करू नये. प्रत्येक प्लॅटफॉर्मचा वाचक वेगळा असेल तर तो 10 मिनिटांवर आणला तरी चालेल. दुसरा आकडा दिवसभरातल्या पोस्टवरून ठरवा. सकाळी 7 ते रात्री 9 या 14 तासांत फेसबुकवर 20 पोस्ट टाकायच्या असतील, तर 60 मिनिटांच्या नियमात त्या मावणारच नाहीत. तिथे अंतर घटवू नका, पोस्ट कमी करा.

तातडीच्या पोस्टला, म्हणजे नदीच्या पातळीला, वेगळा नियम हवा. तिच्यासाठी 5 मिनिटं पुरेत. पण ती गेल्यावर तिची वेळही नोंदवहीत लागली पाहिजे, म्हणजे मागच्या साध्या पोस्ट आपोआप पुढे सरकतात. ही नोंद अनेकांकडून राहते आणि पातळीच्या पोस्टनंतर दोन मिनिटांत भाजीचे भाव येऊन पडतात.

पायरी 3: फाटक. शीटच्या अॅप्स स्क्रिप्टमध्ये तपासणीचा गाभा एवढाच असतो:

```javascript
function mayGo(now, lastAny, lastHere, urgent) {
  const MIN = 60 * 1000;
  if (urgent) return now - lastAny >= 5 * MIN;
  return now - lastAny >= 20 * MIN &&
         now - lastHere >= 60 * MIN;
}
```

`lastAny` म्हणजे कुठेही गेलेल्या शेवटच्या पोस्टची वेळ, `lastHere` म्हणजे याच प्लॅटफॉर्मवरच्या शेवटच्या पोस्टची. हे तपासणारं मुख्य फंक्शन दर 5 मिनिटांनी चालेल असा ट्रिगर लावा. ते आधी तातडीच्या ओळी पाहील, मग ठरलेल्या वेळेच्या क्रमाने बाकीच्या. पात्र ठरलेली पहिली ओळ तुमच्या पोस्ट टाकणाऱ्या साधनाकडे 'आता टाक' म्हणून पाठवेल आणि तिथेच थांबेल.

दोन फेऱ्या एकमेकींवर चढल्या तर दोघींनाही फाटक उघडं दिसेल. त्यासाठी मुख्य फंक्शनच्या सुरुवातीला कुलूप हवं:

```javascript
const lock = LockService.getScriptLock();
if (!lock.tryLock(1000)) return;
```

पोस्ट पाठवण्याआधीच त्या ओळीची स्थिती 'पाठवतोय' अशी लिहा आणि नोंदवहीत वेळ टाका, त्यानंतर `SpreadsheetApp.flush()` करा. पाठवल्यावर उत्तर आलं नाही तर ओळ 'पाठवतोय' याच स्थितीत अडकून राहील, आणि ती माणसाने पानावर जाऊन पाहायची. आपोआप पुन्हा पाठवायची नाही. एखादी पोस्ट राहिली तर ती नंतर टाकता येते, पण दोनदा गेलेली पोस्ट लोकांनी पाहिलेली असते.

टाइमझोन दोन जागी तपासा, शीटच्या सेटिंगमध्ये आणि स्क्रिप्टच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये. दोन्हीकडे भारतीय वेळ हवी. या सेटिंग एकमेकांपासून स्वतंत्र असतात.

पायरी 4: शिळी पोस्ट टाकून द्या. 'कधीपर्यंत चालेल' हा रकाना उशिराच्या पोस्टसाठी आहे. त्याचं काम एका सकाळवरून पाहू. फाटक सकाळी 6 ला बंद पडलं आणि 9:40 ला सुरू झालं. 8 आणि 9 ची पातळी वहीत भरायची राहिली असं धरू. तोवर चार ओळी साचल्या आहेत: 7:00 ची पातळी (टेलिग्राम, 8:00 पर्यंत), 7:30 ची शाळांची सुट्टी (फेसबुक, 11:00 पर्यंत), 8:15 चे भाजीचे भाव (फेसबुक, संध्याकाळपर्यंत) आणि 9:00 ची रील (इन्स्टाग्राम, दिवसभर).

9:40 ला फाटक पातळीची ओळ रद्द करतं. अडीच तासांहून जुनी पातळी आता टाकली तर ती नुसती शिळी नाही, दिशाभूल करणारी ठरेल. सुट्टीची पोस्ट जाते. 9:45 पासून भाव आणि रील दोन्ही थांबून आहेत. भावांना फेसबुकचा तास आडवा येतो, रीलला 20 मिनिटं. 10:00 ला रीलची वेळ होते, पण त्याच फेरीत 10 ची ताजी पातळी आलेली असते आणि तातडीची म्हणून ती आधी जाते. रील 10:20 वर सरकते. 10:40 ला फेसबुकचा तास भरतो, रीलनंतरची 20 मिनिटंही झालेली असतात, आणि भाव जातात. 11:00 च्या पातळीला वाट मोकळी आहे. एका मिनिटात चार पोस्ट सुटण्याऐवजी तासाभरात चार गेल्या, आणि त्यात आताची पातळी होती.

अॅप्स स्क्रिप्टचा ट्रिगर अगदी ठोक्याला चालत नाही, काही मिनिटं इकडेतिकडे होतात. म्हणून प्रत्यक्षातलं अंतर 20 ऐवजी 23-24 मिनिटंही भरेल. साध्या पोस्टसाठी ते 20 च्या खाली मात्र येणार नाही.

पायरी 5: तपासून घ्या. खऱ्या पानावर जोडण्याआधी एक खाजगी टेलिग्राम चॅनल काढा आणि वहीत पाच साध्या ओळी कालच्या एकाच वेळेच्या भरा. मुदत उद्याची ठेवा. पहिल्या फेरीत एकच पोस्ट आली आणि पुढची तासाने आली तर फाटक नीट आहे. सगळ्या दर पाच मिनिटांना येऊ लागल्या, तर बहुधा नोंदवहीत वेळ लिहिलीच जात नाहीये. पहिलीनंतर पुढची आलीच नाही, तर वेळ मजकूर म्हणून लिहिली जात असेल आणि वजाबाकी फसत असेल, त्यामुळे त्या रकान्याचं स्वरूप तारीख-वेळेचं आहे ना, ते पाहा.

नंतरच्या देखरेखीसाठी नोंदींच्या पानावर, वेळ E रकान्यात असेल तर, E3 पासून खालच्या भागाला हा सशर्त रंगाचा नियम लावा:

```
=AND(E3<>"", E3-E2<TIME(0,20,0))
```

20 मिनिटांपेक्षा कमी अंतराची ओळ लाल होईल. तातडीच्या पोस्टची ओळ लाल दिसली तर ठीक आहे. साधी पोस्ट लाल झाली तर काहीतरी फाटकाला वळसा घालून गेलंय, आणि बहुतेक वेळा ते हाताने टाकलेलं असतं. पानावर दोघं-तिघं काम करत असतील तर त्यांना सांगून ठेवा: मोबाइलवरून थेट काही टाकलं की नोंदवहीत लगेच प्लॅटफॉर्म आणि वेळ लिहायची. फाटकाला तेवढंच पुरतं, पुढची पोस्ट ते स्वतःच मागे ढकलतं.