पन्नास हजार, नंदनवन आणि सकाळचे सहा तास

"काहीतरी धंदा सुचवा," म्हणून कोणी आलं की मी आधी वेळ विचारतो, मग जागा, मग हात कशात बसलाय ते. पैसा शेवटी. पन्नास हजारांत बरंच काही सुरू होतं, पण हातात सकाळी पाच ते अकराच असतील तर बहुतेक पर्याय तिथेच गळतात.

नागपुरात नंदनवन भागातल्या एका ताईंचं असंच होतं. तर्री-पोह्याची गाडी वेळेत बसत होती, पण मोक्याची जागा नव्हती. स्वयंपाकाला हात चांगला, मेडिकल चौकाकडची हॉस्टेलं जवळ. म्हणजे दुपारचा डबा. रात्रीचा कोणी मागितलाच तर सरळ नाही म्हणायचं.

आता नीट वाचा, कारण डब्याचा धंदा इथेच बुडतो आणि मीही यातच होरपळलो आहे. समजा, शेगडी, पातेली, व्यावसायिक सिलिंडर आणि गिऱ्हाइकामागे दोन डबे यांत पंचवीस हजार गेले. (घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, ती पळवाट शोधूच नका.) हातात पंचवीस उरले. डबा सत्तर रुपयांचा; किराणा, भाजी, गॅस आणि पोचवणाऱ्या पोराचे मिळून खर्च पन्नास. तीस डबे म्हणजे रोज दीड हजार बाहेर. पैसे मात्र महिना संपल्यावर येणार. सतराव्या दिवशी किराण्याला पैसे नसतात, आणि त्याच वेळी वहीत रोज सहाशेचा नफा दिसत असतो! गिऱ्हाईक वाढवून हे सुटत नाही. पन्नास डबे केले तर तेच पैसे दहा दिवसांत संपतात. एका ऑफिसने माझे दोन महिन्यांचे पैसे अडकवले होते, तेव्हा डबे वाढल्याचा आनंद करायचा की रडायचं, कळेना.

म्हणून बारा डब्यांवर सुरुवात करा. रोजचे सहाशे, सव्वीस दिवसांचे पंधरा हजार सहाशे. कोणी दहा तारखेपर्यंत लांबवलं तरी तग धरता येतो. नवीन गिऱ्हाईक घ्यायचं ते पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ देणारंच. सुट्टी आदल्या रात्री कळवली तर तो दिवस पुढे धरायचा, एवढी सवलत दिली की पोरं आगाऊ देतात. घाबरू नका, चव जमली की कोणी कुरकुरत नाही.

इतवारीतला किराणावाला उधार देईल, पण मग भाव तो सांगेल तो. धंदा शिकवणाऱ्या महागड्या शिबिरांपेक्षा मी अशा दुकानात तासभर उभं राहायला सांगेन. कोणती तूरडाळ लवकर शिजते हे तिथेच कळतं.

फूड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते, ती आधी करून घ्या. आणि सुरुवात जुलैत करा. मे महिन्यात हॉस्टेलं रिकामी होतात, आणि नागपूरच्या उन्हात अकराला भरलेलं वरण दोनपर्यंत आंबतं. तेव्हा सुकी भाजी द्यायची आणि वरण थोडं निवल्यावरच झाकण लावायचं.