सिम कापून बसवताय? थांबा, या चुका टाळा

गेल्या वर्षी माझ्या आत्याने नवा स्मार्टफोन घेतला. तिचं सिम मात्र पंधरा वर्षांपूर्वीचं, जुन्या मोठ्या आकाराचं. नव्या फोनला नॅनो लागत होतं. जवळच्या एका दुकानात स्टेपलरसारख्या दिसणाऱ्या कटरमध्ये सिम ठेवून त्यांनी एका दाबात कापून दिलं. फोन लागला, आत्या खूश. चार दिवसांनी बोलता बोलता फोन कट व्हायला लागला, आणि मग स्क्रीनवर No SIM यायला लागलं. फोन हलवला की रेंज परत यायची, थोड्या वेळाने पुन्हा जायची.

पहिली चूक म्हणजे नॅनो हे फक्त लहान केलेलं जुनं सिम आहे असं समजणं. स्टँडर्ड सिम २५ बाय १५ मिलीमीटर असतं, मायक्रो १५ बाय १२ आणि नॅनो १२.३ बाय ८.८. एवढाच फरक असता तर कात्रीने काम भागलं असतं. पण पहिली दोन्ही सिम ०.७६ मिलीमीटर जाड असतात आणि नॅनो ०.६७. कटर लांबी-रुंदी कमी करतो, जाडी तशीच राहते. आत्याचं सिम ट्रेमध्ये बसलं होतं, पण किंचित वर आलेलं. ट्रे घट्ट जात होता म्हणून दुकानदाराने तो अंगठ्याने रेटला होता. अशा रेट्याने फोनमधल्या बारीक स्प्रिंगसारख्या पिना वाकू शकतात. सिम नवं मिळतं, पण पिना वाकल्या तर फोन उघडावा लागतो. काही जण मागची बाजू पॉलिश पेपरने घासून पातळ करतात. कृपया तेही करू नका, कारण त्याच बाजूला, प्लॅस्टिकच्या पातळ थराआड, चिप असते.

कापलेलं सिम कधी कधी चालतं, याचंही कारण आहे. तिन्ही आकारांत पिना टेकण्याच्या जागा एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर असतात. म्हणून मायक्रोचा कट बऱ्याचदा निभावतो. पण जुन्या सिमवरची सोनेरी पट्टी मोठी असते, काही वेळा नॅनोच्या अख्ख्या आकारापेक्षाही. मग नॅनो करताना धातूच कापावा लागतो. पट्टीच्या खाली चिप आणि तिला पट्टीशी जोडणाऱ्या केसाहून बारीक तारा असतात. कापताना पट्टी किंचित उचलली गेली तरी तार सुटू शकते, किंवा कडेला राहिलेला धातूचा कीस दोन भाग जोडून टाकतो. आत्याच्या सिमची कड उजेडात तिरकी धरली तेव्हा पट्टीचा एक कोपरा वर आलेला स्पष्ट दिसला.

दोष सिमचा की फोनचा, हे ओळखायला अदलाबदल करून बघा. चांगलं चालणारं नॅनो सिम तुमच्या फोनमध्ये घाला. ते लगेच चाललं तर तुमचं सिम गेलं. तेही चालत नसेल तर फोनचा स्लॉट तपासून घ्या. कापलेलं सिम मात्र पारखायला दुसऱ्याच्या फोनमध्ये घालू नका, नाहीतर तोही फोन अडकायचा.

उलटी गरजही पडते: नॅनो सिम जुन्या कीपॅडच्या फोनमध्ये घालायचं असतं. त्यासाठी ॲडॉप्टर वापरणं योग्यच आहे, पण तो नुसता, सिमशिवाय, स्लॉटमध्ये कधीही सारू नका. मोकळ्या चौकटीत पिना वर येतात आणि बाहेर ओढताना कडेला अडकून वाकतात. मागे पातळ पापुद्रा असलेला ॲडॉप्टर घ्या, म्हणजे सिम आत निसटत नाही. अडकलाच तर जोर लावू नका. पातळ प्लॅस्टिकची पट्टी पिना आणि ॲडॉप्टर यांच्या मधे हळूच सारा आणि मग ओढा. हाताला अंदाज येत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

मोठं सिम नॅनो करायचा नीट मार्ग एकच: ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा आणि त्याच नंबरचं नवं सिम मागा. हल्लीच्या सिमवर तिन्ही आकारांच्या खाचा आधीच असतात, हवा तो भाग बोटाने दाबून निघतो. जाण्याआधी दोन कामं करा. जुन्या सिममध्येच साठवलेले नंबर फोनमध्ये उतरवून घ्या, कारण ते नव्या सिमवर येत नाहीत. आणि त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका: सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे ओटीपी येत नाही. नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा विचार असेल तर सिम बदलल्यापासून सात दिवस पोर्टिंग होत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

आत्याचे दीडशेहून जास्त नंबर त्या जुन्या सिममध्येच होते. ते मधूनमधून लागत होतं, तेवढ्या वेळात आम्ही दोन बैठकींत सगळे उतरवून घेतले. नवं सिम मिळाल्यावर ट्रे न रेटता आत गेला.