हप्ता चुकवला नाही, तरी बिलात थकबाकी का? मेंटेनन्स बिल भरताना या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी सहा वर्षं खजिनदार होतो. त्या काळात सर्वांत जास्त भांडणं पार्किंगवरून झाली असं लोकांना वाटतं, पण ती झाली बिलातल्या एका ओळीवरून: ‘मागील थकबाकी’. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन वर्षांची बिलं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या दारात उभ्या राहिल्या. “अरे, दर तिमाहीला न चुकता दहा हजार भरतेय. एक हप्ता चुकवला नाही मी. मग ही साडेचार हजारांची थकबाकी कुठून आली?” त्यांचा आवाज कापत होता. आयुष्यभर कुणाचं काही न ठेवलेल्या माणसाच्या नावापुढे नोटीस बोर्डावर ‘थकबाकीदार’ लागलं तर काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

काकूंचं काही चुकलं नव्हतं असं नाही, आणि सोसायटीनेही त्यांना फसवलं नव्हतं. चूक झाली होती एकाच पेमेंटमध्ये, दोन वर्षांपूर्वी. ती समजून घ्यायची तर आधी बिल उघडून बसू.

आमच्याकडे बिल तिमाही निघतं, तिमाहीच्या पहिल्या तारखेला, आणि भरायची शेवटची तारीख तिमाहीचा शेवटचा दिवस. काकूंच्या फ्लॅटचं बिल असं: सेवा शुल्क ४,५००, पाणी ९००, मालमत्ता कर १,८००, लिफ्ट ६००, पार्किंग ७००, दुरुस्ती निधी १,१२५ आणि सिंकिंग फंड ३७५. बेरीज १०,०००. सेवा शुल्क म्हणजे वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, ऑडिट फी, स्टेशनरी असा रोजचा खर्च, आणि तो सगळ्या फ्लॅटना सारखा वाटला जातो, फ्लॅट लहान असो की मोठा. पाण्याचा हिशोब मात्र फ्लॅटमध्ये येणाऱ्या नळजोडांची संख्या आणि त्यांचा आकार बघून होतो.

सिंकिंग फंड बिलातून वजा करून भरणं

“बिल्डिंग तर ठणठणीत आहे, हा फंड कशाला?” असं म्हणून ३७५ रुपये कमी करून चेक देणारे आमच्याकडे दोघं-तिघं होते. ते ३७५ रुपये थकबाकीत जातात आणि त्यांच्यावर व्याज चालू होतं, एवढंच त्यातून साधतं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या आदर्श उपविधीनुसार सिंकिंग फंड हा फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो, जमिनीची किंमत त्यात धरायची नसते. काकूंच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च आर्किटेक्टच्या दाखल्यानुसार ६ लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला १,५००, तिमाहीला ३७५. दुरुस्ती निधीचा किमान दर त्याच खर्चावर ०.७५ टक्के, म्हणून तो बरोबर तिप्पट, १,१२५. तुमच्या बिलातले हे दोन आकडे तपासताना फ्लॅटचा बाजारभाव घेऊ नका. मुलुंडमध्ये आजच्या भावाने गुणाकार केलात तर काहीतरी भलतंच येईल आणि कमिटीशी उगाच वाद होईल. हा किमान दर आहे, सर्वसाधारण सभेने ठराव करून जास्त ठेवला असेल तर तो लागू होतो. आणि हा पैसा रंगरंगोटीसाठी नसतो. इमारतीची पुनर्बांधणी, मजबुतीकरण किंवा आर्किटेक्टने दाखला दिलेली मोठी दुरुस्ती, यांसाठीच तो वापरता येतो, तोही सभेचा ठराव आणि निबंधकांची पूर्वपरवानगी घेऊन. कमिटीने तो परस्पर दुसरीकडे वापरला असेल तर सभेत विचारा. बिलातून कापून घेणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

‘थकबाकी’ला एकच आकडा समजणं

खरी गोम इथे आहे. काकांच्या आजारपणात काकूंची चार तिमाही बिलं राहिली होती, एप्रिलपासून जानेवारीपर्यंतची. आमच्या सभेने ठरवलेला व्याजदर वर्षाला २१ टक्के. २०१४ च्या आदर्श उपविधीत ही कमाल मर्यादा आहे, आणि व्याज सरळ व्याजच असलं पाहिजे. २१ टक्के म्हणजे महिन्याला १.७५ आणि तिमाहीला ५.२५ टक्के. तुमच्या सोसायटीचा दर नोंदणीकृत उपविधीत आणि सभेच्या इतिवृत्तात बघा, शेजारच्या सोसायटीवरून धरू नका.

पहिलं बिल ३० जूनला थकलं. जुलै ते सप्टेंबरचं व्याज १०,००० वर ५२५. पुढच्या तिमाहीत थकलेलं मुद्दल २०,०००, व्याज १,०५०. त्यापुढे ३०,००० वर १,५७५. असं करत पुढच्या १ एप्रिलच्या बिलावर आलं: मुद्दल ४०,०००, व्याज ३,१५०, चालू तिमाहीचे १०,०००, एकूण ५३,१५०.

त्याच संध्याकाळी काकूंच्या मुलीने नेट बँकिंगने ४०,००० भरले. तिचा हिशोब साधा होता. चार बिलं राहिली, चार बिलांचे पैसे दिले, व्याजाचं नंतर बघू. शिवाय तेव्हाचे सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले होते, “काकू, व्याजाचं काही टेन्शन घेऊ नका.” पण तसा ठराव कुठेच झालेला नव्हता.

सोसायटीच्या खात्यात काय झालं ते बघा. आमच्याकडे, आणि बहुतेक सोसायट्यांकडे, आलेला पैसा आधी व्याजात आणि मग मुद्दलात जमा होतो. म्हणजे ४०,००० मधले ३,१५० व्याजात गेले आणि ३६,८५० मुद्दलात. थकलेलं मुद्दल उरलं ३,१५०. आकडा तोच दिसतो, पण आता ते व्याज राहिलं नाही, मुद्दल झालं. व्याजावर व्याज लागत नाही, मुद्दलावर लागतं. जुलैच्या बिलात १६५ रुपये व्याज आलं ते यामुळे.

त्यानंतर काकूंनी खरोखरच एकही तिमाही चुकवली नाही. शेवटच्या तारखेला १०,००० चा चेक पेटीत पडायचा. पण बिल होतं दहा हजार अधिक व्याजाचं. चेकमधले आधी १६५ व्याजात जायचे आणि चालू बिलातले तेवढेच रुपये मुद्दल म्हणून उरायचे. सोसायटीने कुठेही चक्रवाढ लावलेली नाही, तरी मागच्या दाराने व्याजावर व्याज चढत राहिलं. दोन वर्षांनी ३,१५० ची शेपटी साडेचार हजारांच्या पुढे गेली ती अशी.

त्या १ एप्रिलला ४३,१५० भरले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. चालू तिमाहीचे दहा हजार ३० जूनपर्यंत भरता आले असते. एकरकमी जमत नसेल तरी पैसे पाठवण्याआधी सेक्रेटरींना एक ईमेल करा: अमुक रक्कम पाठवत आहे, ती व्याज आणि मुद्दलात कशी जमा होणार ते कळवावे. उत्तर लेखी मिळवा. व्याज माफ होणार असं कुणी म्हणालं तर त्या ठरावाची प्रत मागा. ठराव नसेल तर ते व्याज आहे असं धरूनच भरा.

सोसायटीने लावलेलं व्याज न तपासणं

काकूंच्या बाबतीत सोसायटीचा आकडा बरोबर होता. पण तो नेहमी बरोबर असतो असं नाही. बोरिवलीला माझ्या मेहुण्याच्या सोसायटीत अकाउंटंटने बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याज ‘एकूण शिल्लक’ रकमेवर लावून ठेवलं होतं. शिल्लक रकमेत मागचं व्याजही येतं, म्हणजे थेट चक्रवाढ. हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सुरुवातीला फरक किरकोळ असतो. काकूंच्याच उदाहरणात पहिल्या वर्षी ३,१५० ऐवजी ३,२६२ आले असते, म्हणजे ११२ रुपयांचा फरक. पण ४०,००० मुद्दल तीन वर्षं तसंच राहिलं तर सरळ व्याज होतं २५,२००, आणि तिमाही चक्रवाढीने ते जवळपास ३३,९०० होतं.

पकडायची सोपी रीत आहे. बिलातलं या तिमाहीचं व्याज घ्या, त्याला ५.२५ ने भागा, शंभराने गुणा. (मासिक बिल असेल तर १.७५ ने भागा. दर वेगळा असेल तर तो दर वापरा.) जे उत्तर येईल त्या रकमेवर सोसायटीने व्याज लावलंय. समजा जानेवारीच्या बिलात १,०७८ व्याज दिसतंय. उलटा हिशोब केला की २०,५०० च्या थोडं वर येतं. तुमची थकलेली बिलं मात्र दोनच, २०,००० ची. वरचे पाचशे म्हणजे मागच्या तिमाहीचं व्याज, ते मुद्दलात मिसळलंय.

दुसरं, तारखा बघा. शेवटची तारीख ३० एप्रिल असेल तर एप्रिल ते जून या तिमाहीत त्या बिलावर दोनच महिन्यांचं व्याज लागतं, दहा हजारांवर ३५०. पूर्ण ५२५ लावले असतील तर एक महिना जास्तीचा धरलाय.

अशी चूक सापडली की लोक रागाने सगळंच बिल अडवून ठेवतात. तसं करू नका. वादात नसलेली रक्कम वेळेत भरा, सोबत पत्र द्या की व्याजाच्या अमुक रकमेवर हरकत आहे, आणि आपल्या खातेवहीचा उतारा मागा. त्या उताऱ्यात प्रत्येक पावती कोणत्या तारखेला, किती व्याजात आणि किती मुद्दलात गेली ते दिसतं. नुसतं बिल बघून हे कधीच कळत नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. कमिटीने दाद दिली नाही तर तेच पत्र आणि उतारा घेऊन तुमच्या वॉर्डाच्या उपनिबंधक कार्यालयात जाता येतं. सगळं बिल थकवलं असेल तर मात्र तुमची बाजू खरी असूनही तिथे आधी थकबाकीचाच विषय निघतो, आणि सोसायटी वसुली दाखल्यासाठी त्याच कार्यालयात अर्ज करू शकते.

काकूंचा उतारा आम्ही त्यांच्या डायनिंग टेबलवर पसरून ओळ न् ओळ वाचला. त्या वहीत पेन्सिलने तपासत गेल्या, १ एप्रिलच्या पावतीपाशी थांबल्या, आणि लेकीला फोन लावला. “अगं, तेव्हा तीन हजार दीडशे जास्त टाकायला हवे होते बघ.” मग त्या बिलाची पूर्ण रक्कम त्यांनी भरली, चालू तिमाहीसह, शेवटच्या रुपयापर्यंत. पुढच्या बिलावर ‘मागील थकबाकी’समोर शून्य आलं. ते बिल त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय.