बँकेतून वॉलेटमध्ये पैसे भरताना परतीचा रस्ता मोडू नका

गेल्या सप्टेंबरात माझा मावसभाऊ इंग्लंडमधल्या स्लाउला नोकरीला आला. आल्यावर तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन: "दादा, मी बँकेच्या ॲपमध्ये अप्रूव्ह केलं, हिरवी टिकसुद्धा आली, आणि वॉलेट म्हणतंय पैसे भरले गेले नाहीत. दोनशे पौंड गेले ना माझे?"

गेले नव्हते. का गेले नव्हते, हे त्याला समजावताना लक्षात आलं की इथे नवीन येणारा जवळजवळ प्रत्येकजण याच ठिकाणी अडखळतो, आणि त्याचं कारण आपली भारतातली सवय आहे.

इंग्लंडमध्ये घरी रुपये पाठवायला किंवा फ्लॅटमधला खर्च वाटून घ्यायला आपण जे वॉलेट उघडतो, त्यात पैसे भरायचे तीन सरळ मार्ग असतात. एक, डेबिट कार्ड. दोन, वॉलेटने दिलेला सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खाते क्रमांक बँकेत टाकून हाताने ट्रान्सफर. तिसरा, ज्याला बटणावर बहुधा Pay by bank असं काहीतरी लिहिलेलं असतं. यात वॉलेट तुम्हाला तुमच्या बँकेकडे पाठवतं, तिथे तुम्ही मंजुरी देता आणि पुन्हा वॉलेटकडे येता. मी हाच मार्ग वापरतो, कारण रक्कम, खाते क्रमांक आणि रेफरन्स आधीच भरलेला येतो. हाताने ट्रान्सफर करताना रेफरन्स लिहायला विसरलात तर पैसे पोचतात, पण कुणाचे ते वॉलेटला कळत नाही, आणि मग ईमेल करत बसा.

आता तो प्रवास टप्प्याटप्प्याने, मावसभावाच्या दोनशे पौंडांबरोबर.

वॉलेटमध्ये रक्कम टाकून बँकेचा मार्ग निवडला की बँकांची यादी येते. त्यातली आपली निवडायची. मोठ्या बँकांची दोन-तीन नावं एकसारखी दिसतात, कारण वैयक्तिक खातं आणि व्यवसायाचं खातं वेगळं लावलेलं असतं. चुकून व्यवसायाचं दाबलंत तर पुढे लॉगिन होतच नाही, आणि पासवर्ड चुकतोय असं वाटत राहतं.

बँक निवडली की एक पान येतं, जे सगळेजण न वाचता पुढे ढकलतात. त्यावर किती पैसे, कुणाला आणि कुठल्या कंपनीमार्फत हे लिहिलेलं असतं. ही मधली कंपनी बहुधा वॉलेटपेक्षा वेगळी असते. वॉलेटच्या वतीने बँकेशी बोलायची तिला परवानगी असते, म्हणून अनोळखी नाव दिसलं तर दचकू नका. ते पान मात्र एकदा वाचा, कारण हेच नाव पुढे बँकेतही दिसू शकतं.

पुढे जा म्हटलं की रिडायरेक्ट होतं. फोनमध्ये बँकेचं ॲप असेल तर ते आपोआप उघडतं. नसेल तर ब्राउझरमध्ये बँकेचं लॉगिन पान येतं. लॅपटॉपवर सुरू केलंत तर बऱ्याचदा क्यूआर कोड येतो आणि तो फोनने स्कॅन करून बँकेच्या ॲपात जायचं असतं. वॉलेटला तुमचा बँकेचा पासवर्ड कधीच कळत नाही, आणि ही उडी त्याच्याचसाठी आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून नऊ मोठ्या बँकांना हा दरवाजा उघडावा लागला. त्याआधी काही सेवा चक्क तुमचं लॉगिन मागून घेत आणि तुमच्या वतीने बँकेच्या साइटवर शिरत.

बँकेत फेस आयडी किंवा बोट लावून आत गेलात की कुठल्या खात्यातून, कुणाला, किती, हे पुन्हा दिसतं. बऱ्याच बँका फसवणुकीचा इशाराही दाखवतात. मंजूर केलंत की टिक येते आणि "तुम्हाला परत नेत आहोत" अशा अर्थाचं पान दोन-तीन सेकंद राहतं.

मावसभावाने चूक केली ती याच दोन-तीन सेकंदांत. टिक दिसली, त्याने ॲप वर सरकवून बंद केलं आणि फोन खिशात टाकला.

भारतात यात काही बिघडत नाही. यूपीआयमध्ये पिन टाकला की व्यवहार त्याच क्षणी पुढे जातो. दुकानाच्या ॲपमध्ये परत जा किंवा जाऊ नका, खात्यातून पैसे वजा होणारच. इथली रचना वेगळी आहे. बँकेत तुम्ही मंजूर करता ती परवानगी, पैसे पाठवण्याची कृती नव्हे. तुम्ही परत येता तेव्हा ब्राउझर किंवा ॲप बँकेने दिलेला एक छोटा कोड बरोबर घेऊन येतं. तो कोड दाखवून मधली कंपनी बँकेकडून एक चावी मिळवते, आणि त्या चावीने "आता हे दोनशे पौंड पाठवा" असा हुकूम देते. कोड थोड्याच वेळात बाद होतो. तुम्ही वाटेत ॲप बंद केलंत तर परवानगी बँकेत मंजूर होऊन पडून राहते, पण हुकूम द्यायला कुणी येतच नाही.

म्हणून मावसभावाच्या खात्यातून एक पेनीही हललेली नव्हती. मी त्याला विचारलं, "बँकेच्या व्यवहारांच्या यादीत काही दिसतंय?" म्हणाला, "नाही रे." मग नव्याने भर म्हटलं. या वेळी तो वॉलेटचा स्क्रीन येईपर्यंत थांबला, आणि मी फोनवर असतानाच शिल्लक दोनशे झाली.

हीच खूण पक्की लक्षात ठेवा. काही बिनसलं की आधी वॉलेट नव्हे, बँकेची व्यवहार यादी बघायची. त्यात नोंद नसेल तर परतीचा प्रवास अर्धवट राहिला. पुन्हा भरायला हरकत नाही, पण जुन्या पानावर मागे जाऊ नका, पहिल्या टप्प्यापासून सुरू करा. नोंद दिसत असेल आणि वॉलेट मात्र अजून प्रक्रिया चालू आहे म्हणत असेल, तर पैसे निघालेत. इथलं हे ट्रान्सफर फास्टर पेमेंट्स या बँकांमधल्या झटपट पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेवरून जातं, बहुतेक वेळा काही सेकंदांत पोचतं, कधीकधी दोन तासांपर्यंत रेंगाळतं. अशा वेळी पुन्हा भरलंत तर दोनदा भराल. दोन तास उलटले तर बँकेच्या नोंदीतला रेफरन्स आणि वेळ वॉलेटच्या मदतकक्षाला पाठवायची. रेफरन्स दिला की ते लगेच शोधतात. नुसतं "माझे पैसे आले नाहीत" लिहिलंत तर तीन ईमेल तोच मागण्यात जातात.

परतीचा प्रवास मोडायची आणखी दोन कारणं आपल्या लोकांत नेहमी सापडतात. पहिलं म्हणजे दोन फोन. भारतातल्या बँकेचे ओटीपी यावेत म्हणून जुना फोन भारतीय सिमसकट जिवंत ठेवलेला असतो, इथली बँक नव्या फोनवर असते आणि वॉलेट मात्र भारतात असतानाच जुन्या फोनवर उतरवलेलं असतं. मग वॉलेट बँकेचं ॲप शोधतं, ते सापडत नाही, ब्राउझर उघडतो आणि तो ग्राहक क्रमांक, पासवर्ड, शिवाय काही बँकांत कार्ड रीडरचा आकडाही मागतो. वॉलेट आणि बँक एकाच फोनवर ठेवा, अर्धा त्रास तिथेच संपतो. दुसरं कारण ब्राउझरचं. व्हॉट्सॲपमध्ये कुणीतरी पाठवलेली लिंक उघडून तिथल्याच आतल्या ब्राउझरमध्ये वॉलेटचं पान सुरू केलंत, तर परत येताना फोन नेहमीचा ब्राउझर उघडतो. तिथे तुम्ही लॉगिन केलेलंच नसतं, आणि सत्र संपल्याचा संदेश येतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून पैसे भरायला जाणंच मुळात चूक आहे, हेही इथेच सांगतो. खरा रिडायरेक्ट नेहमी तुम्ही स्वतः उघडलेल्या वॉलेटमधून सुरू होतो. बँकेच्या नावाचं पान मेसेजमधून आलं, किंवा लॉगिनच्या जागी कार्डचा पिन मागू लागलं, तर ते बंद करा. आणि बँकेच्या ॲपात मंजूर करण्याआधी पैसे कुणाला जातायत आणि किती, हे वाचा. हे ट्रान्सफर बँकेतून बँकेत आहे. कार्डाप्रमाणे नंतर वाद घालून रक्कम उलटवून घेण्याची सोय इथे नाही.

शेवटची अडचण नावाची. ही रिडायरेक्टमध्ये कळत नाही, पैसे पोचल्यावर कळते. बहुतेक वॉलेट पैसे फक्त तुमच्याच नावाच्या खात्यातून घेतात. आपल्या पासपोर्टवर मात्र दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. बँक त्यातलं पहिलं अक्षर आणि आडनाव घेते, वॉलेट अख्खं नाव घेतं, आणि हा फरक सहसा खपून जातो. खपत नाही तो आडनावाचा फरक. मावसभावाची बायको जानेवारीत आली. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, त्यावरून वॉलेट माहेरच्या नावाचं. तिचं स्वतःचं बँक खातं अजून उघडलं नव्हतं, म्हणून तिने नवऱ्याच्या खात्यातून शंभर पौंड भरले. रिडायरेक्ट बिनचूक झाला, बँकेतून पैसे गेले, वॉलेटने खात्याचं नाव बघून ते थांबवले आणि चार दिवसांनी त्याच खात्यात परत केले.

तिला मी म्हटलं, वहिनी, पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने बँकेत खातं उघडा आणि पहिल्यांदा दहाच पौंड भरा. नव्या खात्यावर, नव्या ठिकाणी पैसे पाठवताना काही बँका मर्यादा कमी ठेवतात किंवा मध्येच थांबवून प्रश्न विचारतात, तेव्हा पहिली फेरी छोटीच बरी. फेब्रुवारीत तिचं खातं उघडलं. तिने दहा पौंड भरले आणि वॉलेटचा स्क्रीन परत दिसेपर्यंत फोन खाली ठेवला नाही, असं तिने मला मुद्दाम कळवलं.