चार्टच्या स्क्रीनशॉटवरून वाढीचा टक्का काढायच्या आधी

सगळ्यात आधी उभ्या अक्षाचा सगळ्यात खालचा आकडा वाचा. शून्य आहे का? नसेल तर किती आहे? कागदावर लिहून ठेवा, मनात नको. मागच्या वेळी मी नेमकं हेच केलं नव्हतं आणि २५ टक्क्यांची वाढ जवळपास चौपट म्हणून पुढे पाठवून दिली होती, म्हणून यादी इथून सुरू होतेय आणि मधेमधे परत इथेच येणार आहे.

स्क्रीनशॉट मूळ फाइलचा घ्या. मेसेजमधून फिरत फिरत आलेला नको, त्यात रेघांच्या कडा पुसट होतात आणि मग ग्रिडलाइन नक्की कुठल्या पिक्सेलवर आहे तेच कळत नाही. चित्र उभं किंवा आडवं ताणलं गेलं असेल तर घाबरू नका, पट्टी, म्हणजे एका पिक्सेलला किती एकक हे माप, त्याच चित्रावरून बनवायची असल्याने ते चालतं. पण मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढलेला असेल तर सरळ नाही म्हणा, कारण त्यात वरचा एक सेंटीमीटर आणि खालचा एक सेंटीमीटर सारखे राहत नाहीत. आणि क्रॉप करताना डावीकडचे आकडे उडवू नका, विशेषतः खालचा. लोक नेमका तोच उडवतात.

रेघ कुठली ते लेजेंडमध्ये बघा. उजवीकडेही आकडे असतील तर आपली रेघ कुठल्या बाजूची ते आधी ठरवा. एकक बघा, हजार का लाख. एवढं पुरे.

आता मोजणी. पेंटसारख्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये चित्र उघडलं की कर्सर जिथे नेऊ तिथले पिक्सेल खाली दिसतात. त्यातला उभा आकडा आपल्याला हवा, आणि तो वरून खाली मोजला जातो, म्हणजे वरच्या बिंदूचा आकडा लहान. इथे वजाबाकी उलटी होते, सांभाळा. दोन ग्रिडलाइन निवडा, शक्य तितक्या लांबच्या. जवळच्या दोन घेतल्या तर एका पिक्सेलची चूक सगळ्या मोजणीत फुगत जाते.

समजा अक्षावर ४००, ४५०, ५००, ५५०, ६०० असे आकडे आहेत. ४००ची रेघ ६२०व्या पिक्सेलवर, ६००ची १२०व्या. म्हणजे ५०० पिक्सेलमध्ये २०० एकक, एका पिक्सेलला ०.४. पुढे जायच्या आधी मधली ५००ची रेघ ३७०वर येते का तपासा. आली तर पट्टी सरळ आहे. नाही आली तर अक्ष मधे तुटलाय नाहीतर लॉग स्केल आहे, आणि मग हा हिशोब चालणार नाही.

पहिला बिंदू ५२०व्या पिक्सेलवर. ४००च्या रेघेपासून १०० पिक्सेल वर, म्हणजे ४० एकक, म्हणजे ४४०. दुसरा २४५वर, ३७५ पिक्सेल वर, १५० एकक, म्हणजे ५५०. फरक ११०, भागिले सुरुवातीचे ४४०, वाढ २५ टक्के. भागायचं सुरुवातीच्या किमतीनेच, शेवटच्या नाही.

आता खालचा आकडा न बघता तोच चार्ट नजरेने वाचा. एक बिंदू तळापासून १०० पिक्सेल, दुसरा ३७५. पावणेचारपट! डोळ्याला हेच दिसतं, बघणाऱ्या प्रत्येकाला हेच दिसतं, आणि ते साफ चूक आहे, कारण तळ म्हणजे शून्य नाही, तळ म्हणजे ४००. दोन बिंदूंमधला फरक मात्र बरोबरच आला असता, ११० चे ११०, बिघडतो तो भागाकार, कारण ४४०च्या जागी तुम्ही ४०ने भागता. म्हणून ही चूक पकडायला कठीण, निम्मा हिशोब बरोबर असतो. तर खालचा आकडा. परत सांगतोय, खालचा आकडा. आणि चौकटीची खालची कड म्हणजे पहिली ग्रिडलाइन असं धरून चालू नका, बऱ्याच चार्टमध्ये कड थोडी आणखी खाली असते, मोजायचं ते आकडा ज्या रेघेसमोर आहे तिथून.

बिंदूवर गोल असेल तर गोलाचा मध्य घ्या, वरची कड नाही. रेघ जाड असेल तर तिचा मध्य. वर लेबल तरंगत असतं त्याच्या जागेवरून काहीच मोजू नका. आणि आडव्या अक्षावर बिंदू नक्की कुठल्या महिन्याचा ते सरळ खाली उतरून बघा, काही चार्टमध्ये नाव खुणेच्या बरोबर खाली असतं तर काहींमध्ये दोन खुणांच्या मधे, तिथे एक महिना सहज सरकतो.

चूक किती पिक्सेलची होऊ शकते ते प्रामाणिकपणे धरा. वरच्या उदाहरणात दोन्ही बिंदूंना दोन दोन पिक्सेल इकडेतिकडे धरले तर प्रत्येक किमतीत ०.८चा फरक पडतो आणि उत्तर साधारण २४.६ ते २५.४ टक्क्यांत फिरतं. म्हणून 'सुमारे २५ टक्के' लिहा, २५.०० लिहिलंत तर ते खोटं आहे. सुरुवातीची किंमत लहान असली की मात्र हाल होतात. अक्ष ० ते २००चा, पट्टी तीच, आणि १०वरून १२० झालं असेल तर कागदावर १,१०० टक्के येतात पण त्याच दोन पिक्सेलने ते १,००० पासून १,२००च्या पलीकडेपर्यंत कुठेही जातात. तिथे 'दहापटीहून जास्त' म्हणून सोडा.

लॉग स्केल कशी ओळखायची? आकडे १०, १००, १००० असे सारख्या अंतरावर. तिथे १०० आणि १०००च्या बरोबर मधे ५५० नसतात, ३१६च्या आसपास असतात. तळाला शून्य असूच शकत नाही, खालचा आकडा वाचलात तर हेही तिथेच कळतं, बघा.

अक्षच टक्क्यांचा असेल तर ४ वरून ५ म्हणजे एक पर्सेंटेज पॉइंट, वाढ म्हणून २५ टक्के, दोन्हीतलं कुठलं म्हणताय ते लिहा. आणि चार्टच वार्षिक वाढीचा असेल तर रेघ खाली आली म्हणजे घट झाली असं नाही, शून्याच्या वर आहे तोवर वाढच चालू आहे, फक्त मंदावली.

दर वर्षाचा दर हवा असेल तर वर्षांनी भागू नका, तीन वर्षांत २५ टक्के म्हणजे वर्षाला ७.७च्या आसपास, ८.३ नाही. चार्टच्या चित्रावरून आकडे काढून देणारं वेबप्लॉटडिजिटायझर वापरलंत तरी अक्षाचे आकडे तुम्हालाच भरावे लागतात, तिथे सवयीने शून्य टाकलंत की झालं.

पाठवताना दोन्ही किमती, भागाकार आणि अक्ष कुठून कुठपर्यंत आहे ते सोबत लिहा. ४०० ते ६००. म्हणजे समोरचा तपासू शकेल.