आउटगोइंग बंद, इनकमिंग चालू? सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा

कोथरूडच्या आमच्या मावशीचा फोन परवा अर्धाच चालत होता. आलेले कॉल लागायचे, पण तिने लावला की 'पडताळणी बाकी आहे' असं ऐकू यायचं. रिचार्ज शिल्लक होता, म्हणजे भानगड केवायसीची.

एकाच नावावर नऊपेक्षा जास्त सिम निघाली, की फेरपडताळणी लागते. २०२१च्या सरकारी आदेशानुसार अशा नंबरचं आउटगोइंग ३० दिवसांत, इनकमिंग ४५ दिवसांत थांबतं आणि कुणी फिरकलंच नाही तर ६० दिवसांत नंबर बंद होतो. म्हणून आउटगोइंग थांबलं की लगेच हालचाल करा.

कंपनीच्या स्टोअरमध्ये ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच जायचं. आम्ही इथेच अडलो: मावशीचं सिम भाच्याच्या नावावर, आणि तो नाशिकला! शेवटी शनिवारी त्यालाच बोलावलं. मूळ आधार दाखवलं, अंगठा लावला, काउंटरवरच फोटो काढला. वयस्कर माणसांचे ठसे कधीकधी उमटत नाहीत. तेव्हा मूळ ओळखपत्राचा आणि माणसाचा तिथेच फोटो घेऊन डिजिटल फॉर्म भरता येतो. ओटीपीसाठी घरातला दुसरा चालू नंबर सोबत ठेवा.

'केवायसी करा, नाहीतर सिम बंद' म्हणत लिंक पाठवणारा किंवा ॲप टाकायला लावणारा भामटाच समजा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते sancharsaathi.gov.in वर दिसतं. अनोळखी नंबरपुढे 'Not My Number' निवडा.