खालचा हात बॅटखाली घसरतो, तो परत कसा आणायचा

समोर पडलेला सरळ, फुल टप्प्याचा चेंडू मुलगा मिडऑफकडे ढकलायला जातो आणि चेंडू जातो मिडविकेटला, तोही अर्धा हवेतून. लगेच नेटच्या जाळीबाहेरून सल्ले सुरू होतात: डोकं खाली ठेव, कोपर वर घे, पाय टाक. पंधरा वर्षं पोरांना नेटमध्ये बघतोय. दहातल्या सहा-सात वेळा दोष ना डोक्याचा असतो ना पायाचा. खालचा हात हँडलच्या खाली फिरलेला असतो. पंजा वर, बोटं खालून, पूजेचं ताट धरावं तसा. मी याला फावडा-पकड म्हणतो. तो हात तसाच असेपर्यंत कोपर कितीही वर घेतलं तरी चेंडू लेगलाच जाणार.

(पुढचं सगळं उजव्या हाताच्या फलंदाजासाठी आहे, म्हणजे वरचा हात डावा आणि खालचा उजवा. डावखुऱ्याने आरशात बघितल्यासारखं उलटं वाचावं.)

आधी खरंच हाच दोष आहे का ते बघा. मुलाला पवित्र्यात उभं करा आणि त्याच्या मागे, विकेटकीपरच्या जागी बसा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होते. दोन्ही हातांच्या खाचा एका रेषेत हव्यात आणि ती रेष बॅटच्या पाठीवरचा कणा आणि ऑफकडची कड यांच्या मधोमध कुठेतरी जायला हवी. फावडा-पकडीत वरच्या हाताची खाच जागेवर असते, खालच्या हाताची मात्र कणा ओलांडून लेगच्या कडेकडे गेलेली असते. चेंडूला लागताना मनगट आपोआप मूळ जागी वळतं, त्याबरोबर पातं मिटतं आणि चेंडू लेगला खेचला जातो. मुलगा मुद्दाम आडवा खेळत नसतो, हे त्याच्या वडिलांनी लक्षात घ्यावं.

हात फिरतो तो बहुतेक वेळा बॅटच्या वजनामुळे. जड वस्तू उचलताना आपण सगळेच हात खालून घालतो, पोरगंही तेच करतं. त्यात गल्लीत टेनिस बॉलने खेळून तो हात आणखी पक्का होतो, कारण तिथे उंच उसळलेला चेंडू लेगला भिरकावला की सिक्स मिळतो. म्हणून काहीही शिकवण्याआधी बॅट तपासा. मुलाने फक्त वरच्या हाताने ती खांद्याइतकी उचलायची आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायची. पाचव्या आकड्याला दांडा थरथरायला लागला तर ती बॅट त्याची नाही. साडेचार फूट उंचीच्या मुलाला चार नंबरची बॅट साधारण बरोबर बसते. ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून घेतलेली सहा नंबरची बॅट ती दोन वर्षं वायाच घालवते. हँडलवर दोन रबरी ग्रिप चढवल्या असतील तर एक काढा. लहान पंजाला जाडजूड हँडल बोटांत धरताच येत नाही, मग ते तळहातात जातं.

इथे कुणीतरी हमखास सचिनचं नाव काढतो. सचिन हँडलच्या पार खाली धरायचा, बॅटही जड वापरायचा, लहानपणी भाऊ अजितची मोठी बॅट घेऊन खेळल्यामुळे ती सवय लागली, हे खरंच आहे. पण हँडलवर हात किती खाली आहेत आणि हात किती फिरलेला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची ज्याच्या त्याच्या सोयीची, तिथे मी ढवळाढवळ करत नाही.

आता पकड बसवू. बॅट जमिनीवर उपडी ठेवा, पातं खाली, दांडा मुलाकडे. लाकूड फोडायला कुऱ्हाड उचलतो तशी दोन्ही हातांनी उचलायला सांगा. खाचा कण्याच्या आसपास येतील. तिथून दोन्ही हात मिळून एक बोटभर डावीकडे, म्हणजे ऑफच्या कडेकडे. झालं. रबरावर या रेषेत स्केचपेनने ठळक रेघ ओढून टाका, म्हणजे रोज तेच तेच बोलावं लागत नाही. ग्लोव्हज घालूनच करा, कारण उघड्या हाताने बसलेली पकड ग्लोव्हज चढवताच बदलते.

बहुतेक सल्ले इथे संपतात. माझाही इथेच संपायचा, आणि सुरुवातीच्या दोन मोसमांत मी कितीतरी मुलांना फुकट दोष दिला.

व्हायचं असं की पवित्र्यात हात अगदी रेघेवर असायचा. मी ‘शाब्बास’ म्हणून मागे सरायचो. तिसऱ्या चेंडूला पुन्हा मिडविकेट. मी पुन्हा हात बसवायचो, पुन्हा तेच. मला वाटायचं पोरगं ऐकत नाही. मग एकदा एका अकरा वर्षांच्या मुलाचं मोबाइलवर मागून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं आणि ओशाळलो. पवित्र्यात पकड बरोबर होती. चेंडू टाकला जाण्याच्या बेतात त्याने बॅट मागे उचलली आणि त्या अर्ध्या सेकंदात उजवा पंजा गुपचूप सरकून दांड्याखाली गेला. बॅट उचलायचं काम उजवा हात करत होता, आणि उचलायची म्हटल्यावर तो खालून जाणारच. मी पवित्रा दुरुस्त करत बसलो होतो आणि दोष होता बॅकलिफ्टमध्ये.

तेव्हापासून एकच गोष्ट शिकवतो: बॅट वरच्या हाताने उचलायची, खालचा हात नुसता सोबत जाईल. बोलायला सोपं आहे, पण पोराच्या अंगात उतरायला तीन आठवडे लागतात. त्यासाठी असं करा.

पहिला आठवडा चेंडूच नको. खालचा हात कमरेमागे. फक्त वरच्या हाताने बॅट मागे न्यायची, थांबायची, सावकाश सरळ रेषेत आणायची. दहा वेळा, मग विश्रांती, असं तीनदा. हात भरून आला की थांबवा, कारण थकलेला हात पुन्हा चोरवाटा शोधतो. मग खालचा हात दांड्यावर आणा, पण अंगठा आणि पहिली दोन बोटं एवढीच टेकवायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चक्क हवेत. ती दोन बोटं मोकळी असली की बॅटचं वजन खालच्या हाताला पेलताच येत नाही, त्यामुळे उचलायचं काम वरच्या हाताला करावंच लागतं. पोरं हसतात, चहाचा कप धरल्यासारखं वाटतं म्हणतात. हसू द्या.

‘खालचा हात सैल सोड’ हे मात्र कधीही सांगू नका. हा सल्ला मी स्वतः वर्षभर देत होतो. सैल म्हटलं की मूल पूर्ण हात ढिला सोडतं, बॅट चेंडूला लागताना फिरते, हाताला झिणझिण्या येतात आणि पुढच्या चेंडूला ते दुप्पट घट्ट धरतं. आणि घट्ट धरायचं म्हणजे पंजा परत खाली. त्याला कोणती बोटं ते सांगा, किती जोर ते सांगू नका.

दुसऱ्या आठवड्यात चेंडू आणा, पण बोलिंग नको. तुम्ही त्याच्या ऑफकडे, हातभर पुढे गुडघ्यावर बसा आणि चेंडू हातातून अलगद सोडा. एका टप्प्यानंतर त्याने तो जमिनीलगत ढकलायचा. दहा पावलांवर, सरळ रेषेच्या जरा ऑफकडे, दोन चपला हातभर अंतरावर ठेवा. चेंडू त्यांच्यामधून जायला हवा. बारा चेंडूंचा एक डाव, असे तीन डाव. जोर लावायचा नाही. लेगला गेलेले चेंडू मोजा आणि तोच आकडा त्याला सांगा, बाकी भाष्य नको. मघाशी सांगितलेल्या मुलाचे पहिल्या दिवशी बारातले आठ लेगला गेले होते. आठवड्याअखेर तीनवर आला. तेव्हाच त्याची सहा नंबरची बॅट काढून चार नंबरची दिली होती, त्यामुळे सगळं श्रेय माझ्या चपलांना देता येणार नाही.

ढकलून झालं की जागच्या जागी थांबायला सांगा आणि त्यालाच रेघ बघू द्या. खाच रेघेवर आहे की सरकली? हे पवित्र्यात बघण्यापेक्षा कितीतरी खरं. फक्त पूर्ण फॉलोथ्रूनंतर बघू नका, तिथे मनगटं नैसर्गिकपणेच वळलेली असतात आणि तुम्ही नसलेला दोष काढत बसाल.

तिसऱ्या आठवड्यात पंधरा यार्डांवरून खालून चेंडू, मग वरून. आता दोन बोटं हवेत नकोत, पूर्ण पकड.

या काळात त्याचा लेगचा मोठा फटका बंद पडणार. आधी जो चेंडू छपरावर जायचा तो आता मिडऑनला झेल जाईल, कारण जोर लावायची जुनी सवय काढून घेतली आहे आणि नवी अजून आलेली नाही. आठवड्याभरात सामना असेल तर हे काम सुरूच करू नका. सामन्याच्या दिवशी पकडीबद्दल एक अक्षरही नको.

मागून बघताना खालची खाच फक्त कण्यावर आलेली असेल आणि मुलगा सरळ चेंडू सरळच खेळत असेल, तर सोडून द्या. रेघेसाठी रेघ नको. खाच कणा ओलांडते आणि चेंडूही लेगला जातो, दोन्ही एकत्र दिसलं तरच हात लावायचा.

चौथ्या आठवड्यात नेटच्या शेवटच्या दहा मिनिटांवर लक्ष ठेवा. पोरगं दमलं की वरचा हात हरतो आणि उजवा पंजा पुन्हा खाली शिरतो. लागोपाठ दोन चेंडू मिडविकेटला गेले की मी काहीच बोलत नाही. पॅड काढायला सांगतो आणि स्लिपमध्ये उभं करतो.